एकच फाइल, दोन दुकाने, दोन मापे: ६ × ४ च्या शीटवर ३५ × ४५ मिमीचे फोटो नेमके कसे आणावेत?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार. मुलीच्या वसतिगृहाच्या अर्जासाठी आणि त्यासोबतच्या इतर कागदांसाठी पासपोर्ट आकाराच्या आठ प्रती हव्या आहेत. अर्जावर फोटोसाठी ३५ × ४५ मिमीचा चौकोन छापलेला असून त्याला अगदी लागूनच खाली नाव आणि अर्ज क्रमांक आहे, त्यामुळे फोटो जरा जरी मोठा निघाला तरी तो अक्षरांवर चढतो.

घरी काढलेला, पांढऱ्या पार्श्वभूमीचा चांगला फोटो हाताशी होता, म्हणून शीट स्वतःच बनवली. GIMP मध्ये १८०० × १२०० पिक्सेलचा पांढरा कॅनव्हास घेतला, रिझोल्यूशन ३०० ठेवले आणि ४१३ × ५३१ पिक्सेलचा फोटो चार-चारच्या दोन ओळींत मांडला. दोन फोटोंमध्ये २० पिक्सेलची फट ठेवली आणि उरलेली जागा चारही कडांना सारखी वाटली. हिशेबाने प्रत्येक फोटो ३५ × ४५ मिमीचाच यायला हवा.

ही फाइल सांगलीतल्या एका फोटो लॅबमध्ये ६ × ४ च्या कागदावर छापून घेतली, तर फोटो ३६ मिमी रुंद आणि ४६ मिमीपेक्षा थोडा जास्त उंच आला. नंतर तीच फाइल मिरजेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात ६ × ४ च्या फोटो पेपरवर इंकजेट प्रिंटरने छापली, तर फोटो जेमतेम ३३ मिमी रुंद आणि ४२ मिमीच्या आसपास उंच भरला. एका ठिकाणी वाढतो आणि दुसरीकडे आकसतो, याचा अर्थ माझ्या फाइलीत काही गडबड आहे की छापण्यात?

कृष्णाकाठचा_संगणकी

माझ्या मते दोष रिझोल्यूशनचा आहे. फाइल सेव्ह करताना किंवा पाठवताना ३०० डीपीआयची नोंद पुसली गेली असणार आणि दुकानातल्या यंत्राने ती ७२ किंवा ९६ समजून छापली असणार. GIMP मध्ये Image > Print Size उघडून तिथे ३०० दिसते का ते पाहावे. शक्य असेल तर ६०० डीपीआयची शीट बनवावी, म्हणजे माप अधिक अचूक येते. शिवाय फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली असेल तर माप बिघडणारच, कारण व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करते.

मीनल_मिरज

अर्ज ऑनलाइन असेल तर मिलिमीटरची चिंता करण्याचे कारण नाही. तिथे फाइल किती केबीची आहे एवढेच पाहतात. माझ्या भावाच्या परीक्षेच्या अर्जात फोटो ५० केबीच्या आत हवा होता. आम्ही जेपीईजीची गुणवत्ता कमी करत नेली आणि तो लगेच स्वीकारला गेला. तुमची फाइल किती केबीची आहे ते सांगितलेत तर कमी कशी करायची ते लिहिते.

विश्रामबागकर (सांगली)

मीनलताई, आभारी आहे, पण हा अर्ज कागदी आहे. फोटो कापून डिंकाने चिकटवायचा आहे, त्यामुळे इथे केबीचा प्रश्न येत नाही.

संगणकी, Print Size मध्ये ३०० च दिसते. लॅबला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली होती हे खरे, पण झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्हवरून दिली होती आणि माप तिथेही चुकले.

रीळवाला_सातारा

मी साताऱ्यात अनेक वर्षे मिनीलॅब चालवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपली फाइल बरोबर आहे. दोन्ही दुकानांत चुकले ते छापण्याच्या पायरीवर, मात्र दोन्हींची कारणे वेगळी आहेत. ती समजून घ्यायची तर एक फोटो मोजून भागणार नाही. साध्या पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते, आणि ३५ मिमीत अर्धा मिमी म्हणजे जवळपास दीड टक्का. त्याऐवजी चार फोटोंची पूर्ण ओळ, पहिल्या फोटोच्या डाव्या कडेपासून चौथ्याच्या उजव्या कडेपर्यंत, एकदम मोजा. फाइलीत ती चार वेळा ४१३ अधिक तीन वेळा २०, म्हणजे १७१२ पिक्सेल आहे, आणि ३०० च्या हिशेबाने ती १४५ मिमी भरायला हवी. तसेच वरच्या ओळीच्या माथ्यापासून खालच्या ओळीच्या तळापर्यंत १०८२ पिक्सेल, म्हणजे ९१.६ मिमी असायला हवेत. एवढ्या लांबीत अर्ध्या मिमीची चूक झाली तरी हिशेबावर फारसा परिणाम होत नाही. शिवाय कागदाच्या कडेपासून पहिल्या फोटोपर्यंत किती पांढरी जागा आहे तेही दोन्ही शीटवर मोजून कळवा. फाइलीप्रमाणे ती डाव्या-उजव्या बाजूंना सुमारे ३.७ मिमी आणि वर-खाली ५ मिमी आहे.

शीट अजून कापल्या नसतील अशी आशा आहे.

विश्रामबागकर (सांगली)

सुदैवाने दोन्ही शीटवरचा एकेकच फोटो कापला होता, तोही खालच्या ओळीतला, त्यामुळे वरची ओळ मोजता आली आणि दुसऱ्या टोकाकडून उंचीही घेता आली.

लॅबच्या शीटवर ओळ १४९ मिमी आहे आणि दोन ओळींची मिळून उंची ९४ मिमीच्या किंचित पुढे जाते. डाव्या-उजव्या कडांना जेमतेम पावणेदोन मिमी पांढरे उरले आहे, वर-खाली साधारण पावणेचार.

झेरॉक्सच्या दुकानातल्या शीटवर ओळ साडेएकशेछत्तीस मिमी, उंची ८६ मिमी, आणि चारही बाजूंना सुमारे आठ मिमी पांढरी जागा आहे.

रीळवाला_सातारा

याच आकड्यांची गरज होती.

आधी लॅबचे पाहू. १४९ ला १४५ ने भागले तर १.०२८ येतात आणि ९४.२ ला ९१.६ ने भागले तरी १.०२८ च येतात. दोन्ही दिशांना वाढ सारखीच आहे, म्हणजे चित्र ताणले गेलेले नाही, ते सबंध २.८ टक्क्यांनी मोठे झाले आहे. कडेची पांढरी जागाही त्याच हिशेबाने घटली आहे, याचा अर्थ मोठे झालेले चित्र कागदाबाहेर गेले आणि जास्तीचा भाग कडांवरून कापला गेला.

बिनकिनारीच्या छपाईत हे मुद्दाम केले जाते. लॅबमधला कागद रोलवर असतो, यंत्रातून जाताना तो एखादा केस इकडेतिकडे सरकतो आणि मग कापला जातो. चित्र कागदाएवढेच ठेवले तर दर काही प्रिंटमागे एका कडेला पांढरी चिरी दिसेल आणि गिऱ्हाईक फोटो परत आणून देईल. म्हणून यंत्र चित्र थोडे मोठे करते आणि कडा बाहेर जाऊ देते. लग्नाच्या किंवा सहलीच्या फोटोत कडेचा दोन मिमी भाग गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही, मात्र पासपोर्टच्या शीटवर नेमके तेच नडते. ही वाढ किती असावी हे प्रत्येक यंत्राच्या मांडणीवर ठरते, त्यामुळे आपल्या लॅबचे २.८ टक्के दुसऱ्या लॅबला लागू पडतीलच असे नाही.

आता झेरॉक्सचे दुकान. तिथल्या इंकजेट प्रिंटरने बिनकिनारी छपाई केलेली नाही. अशा प्रिंटरला कागदाच्या प्रत्येक कडेला साधारण ३ मिमी जागा छापता येत नाही. कागद १०१.६ मिमी रुंद आहे, त्यातून दोन्ही बाजूंचे ३ मिमी वजा केले की ९५.६ उरतात. दुकानदाराने छापताना 'फिट' ठेवलेले असणार, म्हणून प्रिंटरने सबंध शीट त्या ९५.६ मध्ये बसवली. ९५.६ ला १०१.६ ने भागा, ०.९४१ येतात. त्याने १४५ ला गुणले की १३६.४ मिळतात, आणि आपण मोजलेतही तेवढेच.

संगणकी यांच्याबद्दल दोन शब्द. डीपीआयची नोंद हा फाइलीवर चिकटवलेला कागदी टॅग आहे. लॅबचे यंत्र तो टॅग वाचतही नाही. ते १८०० × १२०० पिक्सेल घेते आणि ६ × ४ च्या कागदावर पसरते, मग त्यावर ७२ लिहिलेले असो वा ३००. व्हॉट्सअ‍ॅपचेही तसेच आहे. फोटो म्हणून पाठवला तर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येते, पण लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहते, त्यामुळे कागदावरचे माप बदलत नाही, फक्त बारकावे आणि धार कमी होते. धारेसाठी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी हे खरे, मात्र आपल्या ३६ मिमीशी त्याचा संबंध नाही.

कृष्णाकाठचा_संगणकी

लॅबपुरते मान्य करतो. पण डीपीआयला कुठेच अर्थ नसेल, तर मी घरच्या प्रिंटरवर पीडीएफमधून छापतो तेव्हा माप अगदी बरोबर येते ते कसे? तिथे ३०० ऐवजी १५० टाकले की फोटो दुप्पट होतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

रीळवाला_सातारा

आपले निरीक्षण बरोबर आहे आणि मिरजेच्या दुकानाचे उत्तरही त्यातच आहे. पीडीएफ तयार होताना तो टॅग वाचला जातो आणि त्यावरून पानाचा आकार ठरतो. १८०० पिक्सेल भागिले ३०० म्हणजे ६ इंच, १२०० भागिले ३०० म्हणजे ४ इंच. एकदा पीडीएफ झाली की तिच्यात खरे इंच नोंदलेले असतात. त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानात जेपीईजी देऊच नये. GIMP मधून File > Export As करून नावाला .pdf जोडावे, आणि दुकानात Adobe Reader मधून छापताना कागद ४ × ६ निवडून Fit ऐवजी Actual size निवडायला सांगावे.

इथे कोणी म्हणेल की कडेचे ३ मिमी छापता येत नसतील तर Actual size ठेवल्यावर फोटो कापले जातील. तसे होणार नाही. विश्रामबागकरांच्या मांडणीत सर्वांत कडेचा फोटोही कडेपासून ३.७ मिमी आत आहे, म्हणजे तो छापता येणाऱ्या भागातच येतो. त्यांनी फटी रुंद करून फोटो कडांकडे सरकवले असते, तर मात्र अडचण झाली असती. आठ फोटोंच्या शीटवर फटी लहान ठेवून कडेची जागा राखावी, असे मी म्हणतो ते यासाठीच.

विंडोजमध्ये चित्रावर उजवी क्लिक करून जी छपाईची खिडकी उघडते, ती या कामाला टाळावी. तिथे Fit picture to frame वरची खूण असली की चित्र कागद भरेपर्यंत मोठे होते आणि काढली की कागदात मावेपर्यंत लहान होते. जसेच्या तसे छापण्याचा पर्याय तिथे सापडत नाही.

दुकानातला_दादा (मिरज)

मिरजेत माझे झेरॉक्सचे दुकान आहे. वर उल्लेख झालेले दुकान माझेच आहे की नाही ते ठाऊक नाही, पण दुकानदाराची बाजूही मांडायला हवी.

गिऱ्हाईक जेपीईजी देते आणि 'पासपोर्ट साइज काढून द्या' एवढेच सांगते. शीटवर माप आधीच बसवलेले आहे हे आम्हाला फाइल पाहून कळत नाही. गर्दीच्या वेळी फिट ठेवून छापले जाते, कारण तसे केले नाही तर दहातल्या आठ जणांचे फोटो अर्धे कापले जातात. आपण पीडीएफ आणलीत आणि 'हंड्रेड पर्सेंटवर काढा' असे सांगितलेत, तर कोणी नाही म्हणणार नाही.

दुसरे म्हणजे आमच्याकडे ३५ × ४५ चा पंच आहे. शीटची पट्टी कापायची, एकेक फोटो पंचात सरकवायचा आणि दाबायचे. फोटो ३६ चा छापला असला तरी पंचातून ३५ चाच बाहेर पडतो. इतका हिशेब कशासाठी करायचा ते मला समजले नाही.

रीळवाला_सातारा

दादा, पंच असेल तर लॅबची वाढ बऱ्याच अंशी पचते हे खरे. प्रत्येक बाजूने अर्धा मिमी कापला जातो आणि बाहेरचे माप नेमके येते. मात्र आतला चेहरा तीन टक्के मोठाच राहतो. मूळ फोटोत डोक्यावर पुरेशी मोकळी जागा असेल तर ते चालून जाते, पण केस आधीच वरच्या कडेजवळ असतील तर पंच ते कापतो.

उलट बाजूचा विचार मात्र कराच. फिट करून छापलेला ३३ मिमीचा फोटो पंचात घातला, तर पंच फोटोबाहेरचा एकेक मिमी पांढरा कागद सोबत घेऊन ३५ चाच तुकडा काढेल. माप बरोबर दिसेल, पण फोटोला पांढरी चौकट येईल आणि चेहरा लहान राहील. पार्श्वभूमी पांढरीच असेल तर ते लवकर लक्षातही येत नाही. पंच बाहेरचे माप सांभाळतो, आतल्या चित्राचे सांभाळत नाही.

ओंकार_सांगली

लॅबच्या २.८ टक्क्यांवर इलाज फाइलीतच करता येतो. वाढ किती होणार हे ठाऊक आहे, तर फोटो आधीच तेवढ्या प्रमाणात लहान मांडावेत. ४१३ ला १.०२८ ने भागले की ४०२ येतात, आणि ५३१ ला भागले की ५१६.५, म्हणजे ५१७ धरावेत. कॅनव्हास मात्र १८०० × १२०० च राहू द्यावा, कारण तोही लहान केला तर यंत्र तो पुन्हा पूर्ण कागदावर पसरवेल आणि आपण होतो तिथेच येऊ.

मी ही शीट ImageMagick ने बनवतो, कारण हाताने आठ फोटो सरळ रेषेत लावण्याचा कंटाळा येतो. मूळ फोटोचे नाव mul.jpg धरले आहे.

```
magick mul.jpg -resize "402x517^" -gravity center -extent 402x517 -shave 1x1 -bordercolor gray60 -border 1x1 ek.png
magick montage ek.png ek.png ek.png ek.png ek.png ek.png ek.png ek.png -tile 4x2 -geometry +10+10 patti.png
magick patti.png -gravity center -background white -extent 1800x1200 -units PixelsPerInch -density 300 -quality 95 sheet.jpg
```

पहिली ओळ फोटोला योग्य प्रमाणात आणून जास्तीचा भाग मध्य धरून कापते आणि कडेचा एक पिक्सेल काढून तिथे करडी रेघ ओढते, म्हणजे एकूण माप बदलत नाही. दुसरी ओळ चार-चारच्या दोन ओळी मांडते. प्रत्येक फोटोच्या चारही बाजूंना १० पिक्सेल मोकळे राहतात, म्हणून दोन फोटोंमध्ये २० पिक्सेलची फट पडते. तिसरी ओळ हे सगळे १८०० × १२०० च्या पांढऱ्या पानाच्या मधोमध ठेवते. झेरॉक्सच्या दुकानासाठी 402x517 च्या जागी दोन्ही ठिकाणी 413x531 लिहावे आणि शेवटच्या ओळीत sheet.jpg ऐवजी sheet.pdf.

करड्या रेघेचे कारण इतकेच की पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो पांढऱ्या शीटवर ठेवला की त्याची कड कुठे संपते ते डोळ्यांना दिसतच नाही. कापणारा माणूस अंदाजाने कटर चालवतो आणि मग ३५ चे ३४ किंवा ३७ होतात. त्यात छापण्याची चूक नसते.

रीळवाला_सातारा

ओंकार, उत्तम. एक पुस्ती जोडतो. रेघ काळी किंवा जाड ठेवू नये, नाहीतर कापताना ती एका बाजूला राहते आणि फोटोला अर्धवट चौकट आल्यासारखी दिसते. आपण धरलेली करडी आणि एका पिक्सेलची रेघ योग्य आहे, कारण ती फोटोवर राहिली तरी खटकत नाही. काही जण फटच न ठेवता फोटो एकमेकांना चिकटवतात, म्हणजे एका कापात दोन कडा होतात. काम झटपट होते, मात्र कटर अर्धा मिमी जरी सरकला तरी एका फोटोचे तेवढे कमी होते आणि शेजारच्याचे तेवढेच वाढते. हाताने कापायचे असेल तर फट असलेली बरी.

आबा_वाळवा

माझा प्रश्न याच शीटचा असल्यामुळे इथेच विचारतो. लेकीला अमेरिकेच्या व्हिसासाठी ५१ × ५१ मिमीचे, म्हणजे दोन इंची चौकोनी फोटो हवे होते. दोन इंच गुणिले तीन म्हणजे सहा आणि दोन इंच गुणिले दोन म्हणजे चार, म्हणून ६ × ४ च्या एका शीटवर सहा फोटो अगदी चपखल बसतील असे भाच्याने सांगितले. तसे छापूनही आणले, पण सहाही फोटो बाहेरच्या बाजूंनी कापले गेले आहेत. आता वरचे वाचून वाटते की हाही त्याच वाढीचा प्रकार असावा.

रीळवाला_सातारा

होय आबा, तोच प्रकार, आणि इथे त्याला वाचवायला कडेची जागाच नाही. कागद १०१.६ मिमी रुंद असताना ५१ चे दोन फोटो १०२ मिमी होतात, आणि १५२.४ मिमी लांबीत तीन फोटो १५३ मिमी. दोन्ही दिशांना ते कागदाबाहेर जातात, मग फट कुठून ठेवणार? नेमके दोन इंच, म्हणजे ५०.८ धरले तरी मोकळी जागा शून्य. त्यावर लॅबची वाढ आली की बाहेरच्या कडा जाणारच.

६ × ४ वर ५१ मिमीचे दोनच फोटो मोकळेपणाने बसतात. सहा हवेत तर ५ × ७ चा कागद घ्यावा. तो १२७ × १७७.८ मिमीचा असतो, त्यावर तीन-तीनच्या दोन ओळी मांडून सर्व बाजूंना दहा-बारा मिमी मोकळे राहतात. वाढ तिथेही होईल, म्हणून आधी एकच शीट छापून ओळ मोजावी.

मीनल_मिरज

मला वेगळी शंका आहे. लॅबवाल्याला 'वाढ बंद करून छापा' असे सरळ का सांगू नये? किंवा पांढऱ्या किनारीसह छापायला सांगितले तर? मग कुठेही भागाकार करावा लागणार नाही.

रीळवाला_सातारा

किनारीसह छापायला सांगाल तर यंत्र चित्र किनारीच्या आत बसवण्यासाठी लहान करते, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात झाले तेच लॅबमध्ये होईल. वाढ बंद करण्याबद्दल म्हणाल, तर ती मांडणी पुढच्या सगळ्या ऑर्डरींना लागू होते. एका शीटसाठी ती बदलायची आणि मग न विसरता पूर्ववत करायची, हे चालू कामात ऑपरेटर सहसा करत नाही. मीही करत नसे.

दुकानातला_दादा (मिरज)

यावर माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या शेजारच्या लॅबमध्ये पासपोर्टच्या शीटसाठी वेगळी मांडणीच साठवून ठेवली आहे, ती निवडली की वाढ होत नाही. ऑपरेटरला विचारायला काय हरकत आहे?

रीळवाला_सातारा

तशी सोय असेल तर फारच चांगले. माझ्या यंत्रावर ती नव्हती. मात्र 'वाढ होत नाही' हे ओळ मोजून पाहिले आहे का? कारण पंचाने कापल्यावर वाढ झाली की नाही हे कळत नाही.

दुकानातला_दादा (मिरज)

मोजून पाहिलेले नाही. आम्ही सगळे पंचानेच कापतो.

विश्रामबागकर (सांगली)

दोन्ही ठिकाणी पुन्हा छापून आणले, म्हणून कळवतो.

लॅबला ओंकार यांच्या पद्धतीने ४०२ × ५१७ ची शीट डॉक्युमेंट म्हणून पाठवली. चार फोटोंची ओळ सव्वाएकशेपंचेचाळीस मिमी भरली आणि कापलेला फोटो पट्टीवर ३५ × ४५ च दिसतो. अर्जाच्या चौकोनात तो नीट बसला.

मिरजेच्या दुकानात पीडीएफ दिली आणि Actual size निवडायला सांगितले. पहिल्या वेळी ओळ पुन्हा १४५ पेक्षा कमी आली, कारण Reader मध्ये पर्याय बरोबर निवडला असला तरी प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये कागद ए-४ राहून गेला होता आणि कागदानुसार आकार कमी करण्याचा पर्यायही तिथे चालू होता. ते दोन्ही बदलल्यावर ओळ १४५ मिमी आली. माप दोन्हीकडे जुळले आहे, पण इंकजेटवर चेहऱ्याचा रंग थोडा लालसर वाटतो.

रीळवाला_सातारा

प्रिंटरच्या सेटिंगमधला मुद्दा लिहिलात ते बरे केलेत, कारण Reader मध्ये १०० टक्के निवडूनही आकार कमी होतो तो बहुतेक वेळा तिथेच. लालसर रंगाचे कारण कागदाच्या प्रकाराची निवड असू शकते. ग्लॉसी फोटो पेपर घालून सेटिंगमध्ये साधा कागद राहिला, तर प्रिंटर शाईचा हिशेब चुकीचा करतो. दुकानदाराला तेवढे पाहायला सांगावे. आणि लॅबने यंत्र बदलले तर ४०२ × ५१७ हे आकडे जुने झाले असे समजून ४१३ × ५३१ ची एक शीट छापावी आणि ओळ पुन्हा मोजावी.

आबा_वाळवा

५ × ७ च्या कागदाबद्दल विचारले. आमच्याकडच्या लॅबमध्ये तो रोल नेहमी लावलेला नसतो, सांगलीला जावे लागेल असे म्हणतात. लेकीला दोनच फोटो पुरणार असतील, तर ६ × ४ वर दोन छापून घेतो. ५१ चा पंच कोणाकडे आहे का, हे मात्र अजून कळलेले नाही.

ओंकार_सांगली

आबा, पंच नसला तरी चालेल. दोन फोटोंसाठी पहिल्या ओळीत दोन्ही ठिकाणी 602x602 लिहा, दुसऱ्या ओळीत ek.png दोनदाच ठेवून -tile 2x1 आणि -geometry +40+40 करा, तिसरी ओळ आहे तशीच. आधी ही शीट छापून दोन्ही फोटो धरून ओळ मोजा. ती फाइलीप्रमाणे १२८४ पिक्सेल, म्हणजे १०८.७ मिमी असायला हवी. जास्त आली तर मोजलेल्या मापाला १०८.७ ने भागा, जो आकडा येईल त्याने ६०२ ला भागून पुन्हा छापा आणि करड्या रेघेवरून स्टीलची पट्टी धरून कटरने कापा.